एक चावी, दोन गाड्या : चोरीतली कृती आणि चोरीतलं मन

औरंगपुऱ्यातल्या एखाद्या गर्दीच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी सातच्या सुमारास काळ्या स्प्लेंडर मोजायला घेतल्या तर हाताची बोटं पुरत नाहीत. तोच रंग, तेच आरसे, टाकीवर तीच धूळ. कायद्याच्या पुस्तकांत उदाहरणातल्या माणसांना नावं नसतात, त्यांना ‘क’ आणि ‘य’ म्हणतात. तर हा ‘क’ दोन्ही हातांत खरेदीच्या पिशव्या घेऊन तिथे येतो, आपलीच समजून एका स्प्लेंडरला चावी लावतो. गाडी जुनी, लॉक झिजलेलं. चावी जरा अडते, मग फिरते. किक मारून तो सिडकोच्या दिशेने निघून जातो. गाडी मात्र ‘य’ची असते. दहा मिनिटांनी ‘य’ येतो, जागा रिकामी बघून हादरतो आणि फिर्याद द्यायला पोलीस ठाण्याची वाट धरतो.

चोरी झाली का?

पहिल्या वर्षाच्या वर्गात हा प्रश्न टाकला की वर्गाचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, दुसऱ्याची गाडी न विचारता नेली, मग दुसरं काय म्हणायचं? दुसरा तट म्हणतो, त्याला बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं. दोघंही खऱ्या गोष्टीवर बोट ठेवत असतात. पहिला तट बघतो ती ‘क’ची कृती, फौजदारी कायद्यात तिला ॲक्टस रियस म्हणतात. दुसरा तट बघतो ते कृतीच्या वेळचं त्याचं मन. ते मेन्स रिया. दोन्ही शब्द लॅटिन आहेत आणि ज्या सूत्रातून ते आले त्याचा अर्थ सरळ आहे : मन दोषी असल्याशिवाय नुसत्या कृतीने माणूस दोषी ठरत नाही. या सूत्राचं मूळ संत ऑगस्टीनच्या खोट्या शपथेवरच्या प्रवचनात सापडतं. तिथे बोलणाऱ्या जिभेचा दोष मनावर अवलंबून असल्याचं म्हटलं होतं. पुढे इंग्लंडच्या न्यायशास्त्राने जिभेच्या जागी माणसाची सगळीच कृती घेतली.

गंमत अशी, की भारतीय न्याय संहिता उघडून हे दोन शब्द शोधले तर चोरीच्या कलमात ते कुठेच दिसत नाहीत. याचं मूळ जुन्या भारतीय दंड संहितेत आहे. १८३७ मध्ये मेकॉलेच्या आयोगाने तिचा मसुदा सादर केला, १८६० मध्ये तो कायदा झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आला. या संहितेने एकच सर्वसाधारण ‘दोषी मन’ सगळ्या गुन्ह्यांना लावण्यापेक्षा प्रत्येक गुन्ह्याच्या व्याख्येत त्याला लागणारं मन वेगळं लिहून ठेवलं. कुठे ‘उद्देशाने’, कुठे ‘माहीत असताना’, कुठे ‘कपटीपणाने’, कुठे ‘अप्रामाणिकपणे’. म्हणून ‘मेन्स रिया म्हणजे काय’ या प्रश्नाचं उत्तर भारतात नेहमी एका उलट प्रश्नाने सुरू होतं : कोणत्या गुन्ह्याचं? खुनाचं मन वेगळं, फसवणुकीचं वेगळं, चोरीचं वेगळं. हा प्रश्न न विचारता पाठ केलेली व्याख्या परीक्षेतही कामाला येत नाही आणि कोर्टातही नाही.

चोरीची व्याख्या पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३७८ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये आहे आणि गाभा तोच आहे. साध्या मराठीत ती अशी सांगता येईल : एखाद्याच्या कब्जातली जंगम वस्तू त्याच्या संमतीशिवाय अप्रामाणिकपणे घेण्याच्या उद्देशाने जो ती वस्तू हलवतो, तो चोरी करतो. हे वाक्य हळू वाचलं की दोन भाग सुटे होतात. जंगम वस्तू, दुसऱ्याचा कब्जा, संमती नसणं आणि वस्तू हलवणं, हे सगळं बाहेर घडतं. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ते दिसू शकतं, पार्किंगच्या कॅमेऱ्यात ते टिपलं जाऊ शकतं. ‘अप्रामाणिकपणे घेण्याच्या उद्देशाने’ एवढे शब्द मात्र कोणत्याही कॅमेऱ्यात येत नाहीत.

आधी बाहेरचा भाग. विद्यार्थ्यांना वाटतं चोरी म्हणजे वस्तू घेऊन पळून जाणं. कायद्याला इतकं लागत नाही. त्याला लागतं फक्त हलवणं, आणि तेही किती थोडं, हे कलमाखालच्या दृष्टांतांतून कळतं. एका दृष्टांतात खजिन्याची पेटी पाठीवर असलेला बैल आहे. पेटीतला ऐवज लांबवण्यासाठी कोणी त्या बैलाला आपल्याला हव्या त्या दिशेने हाकलं, की बैलाने चालायला सुरुवात केली त्या क्षणी चोरी पूर्ण होते. दुसऱ्या दृष्टांतात टेबलावरची अंगठी आहे. पाहुणा ती उचलतो आणि त्याच घरात अशा जागी लपवतो जिथे ती सापडणं अवघड. बोभाटा निवला की न्यायची आणि विकायची, असा त्याचा बेत. अंगठीने घराचा उंबरठा ओलांडलेला नाही, तरी ती पहिल्यांदा हलवली तेव्हाच चोरी झाली. आपल्या पार्किंगमध्ये हेच लावायचं तर, नेण्याच्या अप्रामाणिक उद्देशाने गाडी स्टँडवरून उतरवून वीतभर मागे घेतली तरी पुरे. रखवालदाराने तिथेच पकडलं, गाडी फाटकाबाहेर गेलीच नाही, हा बचाव होत नाही.

बाहेरच्या भागात आणखी एक शब्द नीट पारखून घ्यावा लागतो : कब्जा. कलमात ‘मालकी’ हा शब्द नाही. त्यामुळे माणूस प्रसंगी स्वतःच्या वस्तूचीही चोरी करू शकतो. दृष्टांतांत घड्याळ दुरुस्तीला दिलेला एक मालक आहे. दुरुस्तीच्या पैशांपोटी तारण म्हणून कारागिराने ते घड्याळ कायदेशीरपणे ठेवून घेतलेलं असताना मालक त्याचं हे तारण बुडवण्यासाठी घड्याळ उचलून नेतो, आणि चोर ठरतो. घड्याळाच्या जागी गॅरेजमधली मोटरसायकल ठेवली की आजचं उदाहरण तयार होतं.

पिशव्या घेऊन निघालेल्या आपल्या ‘क’ने हा बाहेरचा भाग पुरता भरून टाकलेला आहे. गाडी जंगम आहे, ‘य’च्या कब्जातली आहे, ‘य’ची संमती नाही, आणि गाडी वीतभरच नव्हे तर दोन-तीन किलोमीटर हललेली आहे. ॲक्टस रियस म्हणून जे काही दाखवायचं ते सगळं इथे आहे. उरतं ते मन.

‘अप्रामाणिकपणे’ हा रोजच्या वापरातला शब्द कायद्यात मोजूनमापून येतो. एकाला गैरलाभ किंवा दुसऱ्याला गैरहानी करण्याच्या उद्देशाने केलेली गोष्ट, इतकाच त्याचा अर्थ. गैरलाभ म्हणजे ज्यावर कायद्याने हक्क नाही अशी मालमत्ता गैरमार्गाने मिळवणं. गैरहानी म्हणजे ज्याचा हक्क आहे त्याला गैरमार्गाने त्या मालमत्तेला मुकवणं. इथे मराठी विद्यार्थ्याची एक खास अडचण होते, कारण आपण बोलताना ‘हेतू’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो. कृतीतून काय घडवायचं आहे तो उद्देश. ते का घडवायचं आहे ती प्रेरणा. आईच्या औषधासाठी पैसे हवेत म्हणून कोणी दुसऱ्याची गाडी नेऊन विकली, तर त्याची प्रेरणा कुणाच्याही डोळ्यांत पाणी आणील. उद्देश मात्र ‘य’ला त्याच्या गाडीला मुकवण्याचाच होता. चोरीच्या कलमाला हा उद्देश लागतो, प्रेरणा नाही. तिचा विचार झाला तर तो पुढे, शिक्षा ठरवताना. उत्तरपत्रिकेत ‘त्याचा हेतू चांगला होता, म्हणून मेन्स रिया नाही’ असं वाक्य येतं तेव्हा बहुतेक वेळा चूक कायद्याच्या अज्ञानातून आलेली नसते, या एका शब्दाच्या दुहेरी वापरातून आलेली असते.

आपली गाडी आहे असं मनापासून वाटणाऱ्या ‘क’ला ना गैरलाभ हवा होता, ना कुणाची गैरहानी. संहितेत अगदी याच बेताचा दृष्टांत आहे : सद्भावनेने स्वतःची समजून दुसऱ्याची वस्तू घेणारा अप्रामाणिकपणे घेत नाही, म्हणून तो चोरी करत नाही. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. कृती पूर्ण, मन कोरं, चोरी नाही.

आता पार्किंगमध्ये दुसरा एक ‘क’ उभा करून बघू. याला गाडी आपली नाही हे पक्कं माहीत आहे. चावी लागते हे बघून तो मित्राला मागे बसवतो, दौलताबादचा किल्ला बघून येतो आणि रात्री गाडी जागच्या जागी लावतो. पकडल्यावर म्हणतो, ठेवून कुठे घ्यायची होती? इंग्लंडमध्ये हा बचाव चोरीच्या आरोपाला भारी पडू शकतो, कारण तिथल्या १९६८ च्या कायद्यात मालकाला कायमचं वंचित करण्याचा उद्देश लागतो. आपल्याकडे ‘कायमचं’ हा शब्द नाही. तो नसण्याचा अर्थ काय, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये सांगितलं, आणि त्या खटल्यातली वस्तू मोटरसायकल नव्हती, विमान होतं.

जोधपूरच्या हवाई दलाच्या अकादमीत के. एन. मेहरा नावाचा प्रशिक्षणार्थी होता. १४ मे १९५२ च्या पहाटे, ठरलेल्या वेळेआधीच, त्याने आणि फिलिप्स नावाच्या सहकाऱ्याने हार्वर्ड जातीचं विमान उडवलं. मेहराचं त्या दिवशीचं प्रशिक्षण डाकोटा विमानात व्हायचं होतं. फिलिप्सला तर आदल्याच दिवशी अकादमीतून काढून टाकलं होतं. उड्डाणाआधीचे सोपस्कार झाले नव्हते, परवानगी नव्हती, परत येण्याच्या बिनतारी संदेशांना उत्तर नव्हतं. विमान उतरलं पाकिस्तानात, सीमेपासून सुमारे शंभर मैलांवर. दोन दिवसांनी दोघं कराचीतल्या भारतीय उच्चायुक्तालयाशी बोलले आणि तिथून त्यांना परत पाठवण्यात आलं. बचाव असा होता, की प्रशिक्षणार्थीला उड्डाणाची एक प्रकारे मूक संमती असतेच आणि विमान कायमचं न्यायचं नव्हतं. न्यायालयाने दोन्ही मुद्दे नाकारले. तात्पुरतं का होईना, विमान सरकारच्या हातून जाणं ही गैरहानी, आणि त्याचा अनधिकृत वापर करायला मिळणं हा गैरलाभ. विमान हलवलं त्या वेळी हा उद्देश होता, एवढं पुरे झालं. दौलताबादला जाऊन आलेल्या ‘क’चं उत्तर याच निकालात आहे.

मेहरा खटल्यातला ‘त्या वेळी’ हा शब्द पुढच्या आणि सगळ्यांत नाजूक मुद्द्याकडे घेऊन जातो. पहिल्या, भोळ्या ‘क’कडे परत जाऊ. जालना रोडवरच्या पेट्रोल पंपावर तो थांबतो. टाकीच्या झाकणाला चावी लावतो, तर ती फिरत नाही. इंजिनाचं लॉक झिजलेलं होतं म्हणून चावी चालली. टाकीचं लॉक शाबूत आहे. तो खाली वाकून बघतो. मडगार्डवर आपण कधी न लावलेला स्टिकर, नंबर प्लेटवर भलताच नंबर. त्याच्या हे लक्षात येतं, आणि त्याच क्षणी त्याच्या मनात दुसरा विचार येतो : ही गाडी माझ्या गाडीपेक्षा बऱ्या स्थितीत आहे, राहू दे.

आता कृतीही आहे आणि अप्रामाणिक मनही आहे. तरीही ही चोरी नव्हे. ‘य’च्या कब्जातून गाडी हलली तेव्हा मन निर्मळ होतं, मन फिरलं तेव्हा गाडी ‘य’च्या कब्जात उरलेली नव्हती. दोन्ही तुकडे हजर आहेत, पण ते एकमेकांना भेटलेच नाहीत. चोरीसाठी ते एकाच क्षणी एकत्र यावे लागतात. याचा अर्थ ‘क’ सुटला असा मात्र नाही. त्याच्यासाठी वेगळं कलम आहे, मालमत्तेच्या अप्रामाणिक अपहाराचं; जुन्या संहितेत ४०३, नव्या संहितेत ३१४. तिथला पहिलाच दृष्टांत नेमका हाच आहे : सद्भावनेने घेतली तेव्हा चोरी नाही, चूक कळल्यावर अप्रामाणिकपणे ठेवून घेतली तर हा गुन्हा. शिक्षाही वेगळी. चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही; अपहाराला आता किमान सहा महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षं कैद, शिवाय दंड. पंपावरच्या त्या अर्ध्या मिनिटाने गुन्ह्याचं नाव, कलम आणि शिक्षा, सगळं ठरवलं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने या उदाहरणात वेळेची एक रेघ ओढावी, तिच्यावर ‘गाडी हलली’ आणि ‘मन फिरलं’ या दोन खुणा कराव्यात आणि मगच कलम लिहावं. निम्म्या चुका तिथेच थांबतात.

उलट बाजू थोडक्यात. पार्किंगमध्ये रोज येऊन एखाद्या गाडीकडे टक लावून बघणारा, ती कशी न्यायची याचा मनात पुरा आराखडा असलेला माणूस गुन्हेगार नाही. नुसत्या मनाला कायदा हात लावत नाही. लॉकमध्ये बनावट चावी घालून तो ती फिरवायला लागला की मात्र प्रकरण प्रयत्नाच्या कलमात जातं, मग लॉक उघडो वा न उघडो. दागिन्यांसाठी पेटी फोडली आणि ती रिकामी निघाली, खिशात हात घातला आणि खिसाच रिकामा होता, असे दोन चोर संहितेने दृष्टांतासाठी दिलेले आहेत. दोघांच्याही हाती काही लागलं नाही, दोघंही प्रयत्नाचे दोषी.

इथवर वाचून कुणाचा असा समज होईल की प्रत्येक गुन्ह्यात मन सिद्ध करावंच लागतं. तसं नाही, आणि त्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. २७ नोव्हेंबर १९६२ ला झुरिकहून मनिलाला निघालेलं स्विसएअरचं विमान दुसऱ्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला थांबलं. मेयर हान्स जॉर्ज नावाचा प्रवासी खाली उतरलाही नव्हता. अंगातल्या जाकिटाच्या कप्प्यांत चौतीस किलो सोनं होतं. असं सोनं विमानाच्या मालयादीत नोंदवलं पाहिजे, ही नवी अट २४ नोव्हेंबरला, म्हणजे अवघ्या तीन दिवसांपूर्वी, राजपत्रात आली होती. झुरिकहून निघालेल्या माणसाला ती कशी माहीत असणार, म्हणून उच्च न्यायालयाने त्याला सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ते फिरवलं : परकीय चलनाच्या त्या कायद्यात, सोन्याची तस्करी रोखण्याचं त्याचं उद्दिष्ट बघता, दोषी मन सिद्ध करण्याची गरज नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचं मत वेगळं पडलं, आणि ते मुळातून वाचण्यासारखं आहे. जॉर्जच्या खटल्यात मन बाजूला ठेवता आलं, कारण त्या तरतुदीत मनाचा उल्लेखच नव्हता. चोरीच्या व्याख्येतून ‘अप्रामाणिकपणे’ काढून टाका, मग ‘वस्तू हलवली’ एवढंच उरतं, आणि चुकून दुसऱ्याची छत्री उचलणारा प्रत्येकजण आरोपी होतो. म्हणून तिथे मन वगळता येत नाही.

मग हे मन सिद्ध करायचं कसं? अदालत रोडवरच्या जिल्हा न्यायालयात कोणत्याही दिवशी जाऊन बसलं तर कळतं, की आरोपीच्या मनात काय होतं हे कुणी साक्षीदार येऊन सांगत नाही. ते आजूबाजूच्या गोष्टींतून वाचावं लागतं. गाडी सापडली तेव्हा नंबर प्लेट बदललेली होती का, चेसिस नंबर घासलेला होता का, ती किती पैशांत आणि कुणाला विकायला काढली होती, हे सगळं पंचनाम्यात येतं आणि तेच मनाचा पुरावा होतं. चोरीनंतर थोड्याच काळात चोरीचा माल कुणाकडे सापडला आणि त्याला समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर तो स्वतः चोर आहे किंवा चोरीचा माल जाणूनबुजून घेणारा आहे, असं न्यायालय गृहीत धरू शकतं. पूर्वी हे पुरावा अधिनियमाच्या कलम ११४ मध्ये होतं, आता साक्ष अधिनियमाच्या कलम ११९ मध्ये आहे. धरू शकतं, धरलंच पाहिजे असं नाही. खुलासा पटण्यासारखा असेल तर गृहीतक तिथेच संपतं.

आणि खुलासा पारखताना अगदी छोट्या गोष्टी मोठं काम करतात. समजा, पंपावर चूक कळल्यावर आपला ‘क’ गाडी वळवून औरंगपुऱ्याकडे निघाला आणि वाटेतच पोलिसांनी त्याला अडवलं. ‘य’ची फिर्याद लिहून झालेली आहे, गाडी ‘क’च्या हातात आहे, आणि ‘मी चुकून नेली, परत द्यायला चाललो होतो’ हे तर प्रत्येकजणच म्हणतो. चांगला तपास अधिकारी आणि चांगला बचावाचा वकील, दोघंही अशा वेळी एकाच जागी जातात. ते त्या पार्किंगमध्ये जाऊन बघतात, की तिथे आणखी एक काळी स्प्लेंडर उभी आहे का, तिचे कागद ‘क’च्या नावावर आहेत का, आणि ‘क’च्या खिशातली चावी तिच्या टाकीच्या झाकणाला लागते का.